नवीन फोनचा पहिला आठवडा : व्हॉट्सअ‍ॅपमधील पाच सेटिंग आधी तपासा

घरात पहिल्यांदा स्मार्टफोन आला की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप सुरू होते. ते सुरू करून देतो मोबाईलच्या दुकानातला मुलगा, नाहीतर घरातला एखादा भाचा-पुतण्या. तो पटापट बटणे दाबतो, फोटो लावतो, "झालं, बोला आता" म्हणून फोन हातात देतो. कोणाला आपला फोटो दिसावा, कोणी आपल्याला ग्रुपमध्ये घ्यावे, आपले खाते दुसऱ्याने उघडू नये म्हणून काय करावे, हे प्रश्न त्या घाईत कोणी विचारत नाही. अ‍ॅपने आधीपासून ठरवून ठेवलेली उत्तरे मग तशीच राहतात आणि त्यातली बरीचशी "सगळ्यांना" अशी असतात.

काही दिवसांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त परिचारिका आपला आठवड्याभराचा नवा फोन घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांना आम्ही सगळेच मावशी म्हणतो. तक्रार साधी होती. अनोळखी लोकांच्या दोन ग्रुपमध्ये त्या आपोआप गेल्या होत्या आणि रोज शेअर बाजाराचे संदेश येत होते. आम्ही त्यांच्याबरोबर बसून फोन तपासला. ग्रुपचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला, पण तपासताना त्याहून गंभीर गोष्ट सापडली. ती काय हे पुढे येईलच. त्या दिवशी ज्या क्रमाने तपासले, त्याच क्रमाने ही माहिती देत आहोत. जे गमावले तर सर्वात जास्त नुकसान, ते आधी.

येथे दिलेली मेनूची नावे अँड्रॉइड फोनवरील इंग्रजी व्हॉट्सअ‍ॅपमधली आहेत. वर उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले की Settings सापडते. अ‍ॅप अद्ययावत झाले की एखादा शब्द किंवा जागा बदलते, पण सेटिंग तेच असते.

१. सहा अंकी पिन : खाते आपलेच राहावे म्हणून

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनखेरीज वाटेत कोणाला वाचता येत नाहीत, हे खरे आहे. पण खुद्द खाते उभे असते ते एका एसएमएसवर. कोणीही आपल्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप टाकून तुमचा नंबर भरू शकतो. तसे केले की तुमच्या फोनवर सहा अंकी कोड येतो. तो कोड त्याला मिळाला की तुमचे खाते त्याच्या फोनवर उघडते आणि तुमच्या फोनवर बंद होते.

कोड मिळवण्याची रीत ठरलेली आहे. ओळखीच्याच एखाद्याच्या खात्यावरून संदेश येतो : "माझा एक कोड चुकून तुमच्या नंबरवर गेला आहे, जरा पाठवता का?" त्या ओळखीच्या माणसाचे खाते आधीच चोरीला गेलेले असते आणि त्याच्या नावाने बोलणारा भलताच असतो. एकदा तुमचे खाते मिळाले की तो तुमच्या नावाने तुमच्या माणसांकडे पैसे मागतो. जुने संदेश तुमच्या फोनमध्ये राहतात, ते त्याला मिळत नाहीत. पण तुमचे ग्रुप त्याच्यासमोर येतात, आणि लोकांचा तुमच्या नावावर विश्वास असतो. त्याला तेवढे पुरते.

यावर उपाय म्हणजे दुसरे कुलूप. Settings > Account > Two-step verification येथे जाऊन ते सुरू करा आणि स्वतःचा सहा अंकी पिन ठरवा. हा पिन एसएमएसने येत नाही, तो फक्त तुम्हाला माहीत असतो. यापुढे तुमचा नंबर कुठल्याही नव्या फोनवर सुरू करायचा असेल तर एसएमएसचा कोड आणि हा पिन, दोन्ही लागतात. चुकून कोणाला कोड दिलाच, तर तुमच्या फोनवरचे व्हॉट्सअ‍ॅप बंद पडू शकते, पण पिनशिवाय समोरचा आत शिरू शकत नाही. तुम्ही पुन्हा नवा कोड मागवून, पिन टाकून आपले खाते परत घेता.

पिन ठरवल्यावर अ‍ॅप ईमेल विचारते. बरेच जण ते टाळून पुढे जातात. टाळू नका. पिन विसरल्यास तो याच ईमेलवरून बदलता येतो. ईमेल दिला नसेल तर नवा पिन ठरवण्यासाठी सात दिवस थांबावे लागते. स्वतःचा ईमेल नसेल तर घरातल्या विश्वासाच्या व्यक्तीचा द्या, मात्र तो उघडता येतो याची खात्री करून घ्या. जन्मतारीख, गाडीचा नंबर किंवा १२३४५६ असा पिन ठेवू नका. अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच पिन विचारते. ते तुम्ही विसरू नये म्हणून असते, घाबरू नका. पण हाच पिन कोणी फोनवर किंवा संदेशातून विचारला, तर तो फसवणारा समजा.

हे काम पहिल्याच दिवशी का करावे, त्याला कारण आहे. तुम्ही पिन ठेवला नसेल आणि खाते चोराच्या हाती गेले, तर पिन तो ठेवतो. मग तुम्ही एसएमएसचा कोड टाकून त्याला बाहेर काढू शकता, पण त्याचा पिन माहीत नसल्यामुळे तुम्हालाही आत जायला सात दिवस थांबावे लागू शकते.

या कुलपालाही मर्यादा आहे. उघडा फोन ज्याच्या हातात आहे त्याला हा पिन अडवत नाही. त्यासाठी फोनचे स्वतःचे स्क्रीन लॉक लागते. आणखी एक गोष्ट. कोड एसएमएसऐवजी फोन करूनही मिळवता येतो. म्हणून काही ठग कुरिअर किंवा मोबाईल कंपनीचे नाव सांगून, *401* ने सुरू होणारा एखादा क्रमांक डायल करायला लावतात. त्यामुळे तुमचे येणारे कॉल त्यांच्याकडे वळतात आणि कोड सांगणारा कॉलही तिकडेच जातो. कॉल वळवले गेले आहेत का हे पाहण्यासाठी *#21# डायल करा. वळवलेले असतील तर ##002# डायल केल्यावर ते बंद होतात.

२. जोडलेली उपकरणे : दुसरीकडे कोण वाचतो आहे?

मावशींच्या फोनवर गंभीर गोष्ट सापडली ती येथे.

तीन ठिपके दाबा, Linked devices उघडा. एकाच खात्याला फोनखेरीज आणखी चार उपकरणे, म्हणजे संगणक, टॅब वगैरे जोडता येतात. तुम्ही स्वतः काही जोडले नसेल तर ही यादी रिकामी असली पाहिजे. मावशींच्या यादीत विंडोजच्या संगणकावरील गुगल क्रोमची नोंद होती आणि ते त्याच दिवशी वापरले गेल्याची वेळही दिसत होती. मावशींच्या घरी संगणकच नाही.

थोडे मागे जाऊन विचारल्यावर उलगडा झाला. चार दिवसांपूर्वी पेन्शनच्या कामासाठी आधार कार्डाची प्रिंट काढायला त्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या होत्या. दुकानातल्या मुलाने "फोन द्या मावशी, मी काढतो" म्हणत फोन घेतला, संगणकाच्या पडद्यावरचा चौकोनी क्यूआर कोड स्कॅन केला, प्रिंट काढली आणि दहा रुपये घेतले. संगणकावरून खाते बंद करायचे मात्र राहून गेले. मुलाच्या मनात काही वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. पण तेव्हापासून मावशींचे कुटुंबातले बोलणे, बँकेची कागदपत्रे आणि नातवंडांचे फोटो त्या दुकानाच्या संगणकावर दिसत होते. तिथे बसणाऱ्या कोणालाही.

हा धोका खाते चोरीला जाण्यापेक्षा वेगळा आहे. खाते चोरीला गेले तर तुमच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बंद पडते, म्हणून लगेच कळते. उपकरण जोडले गेले तर तुमच्या फोनवर सगळे नेहमीसारखे चालते. दुसरीकडे मात्र अलीकडचे संदेश आणि नवे येणारे संदेश दोन्ही पोहोचत राहतात. ते कळण्याची खात्रीची जागा म्हणजे ही यादी.

अनोळखी नोंदीवर बोट ठेवा आणि Log out दाबा. फोनला इंटरनेट सुरू असेल तर ते उपकरण लगेच तुटते. त्याआधी जे डाऊनलोड झाले किंवा छापले गेले, ते मात्र परत येत नाही. जोडलेली उपकरणे आपोआप तुटतात, पण फोन चौदा दिवस वापरलाच नाही तरच. रोज वापरात असलेल्या फोनच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही.

उपकरण जोडण्याचा दुसरा मार्गही आहे. क्यूआर कोड न दाखवता, आठ अक्षरा-अंकांचा कोड फोनमध्ये भरूनही संगणक जोडता येतो. "तुमचा फोटो येथे पाहा" किंवा "मतदान करा" अशा लिंकवरून कोणी हा कोड व्हॉट्सअ‍ॅपमध्ये भरायला सांगत असेल, तर तो तुमच्या खात्याला आपले उपकरण जोडून घेत आहे.

प्रिंट तर काढावीच लागते. मग काय करावे? शक्य असेल तर फाईल पेन ड्राइव्हवर न्या, किंवा कागद आधीच छापून ठेवा. दुकानात खाते जोडलेच, तर तिथून निघण्यापूर्वी आपल्या फोनवरून Log out करा. आणि आधारची प्रत द्यायची असेल, तर जिथे चालते तिथे मास्क केलेले आधार द्या. त्यावर क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मोफत मिळते.

३. ग्रुप : परवानगीशिवाय कोण ओढू शकतो?

मावशींची मूळ तक्रार ही होती. Settings > Privacy > Groups येथे त्यांच्या फोनवर Everyone असे होते. म्हणजे ज्याच्याकडे त्यांचा नंबर आहे असा कोणीही माणूस त्यांना न विचारता कोणत्याही ग्रुपमध्ये टाकू शकत होता. तेथे My contacts निवडा.

यानंतर अनोळखी माणसाने तुम्हाला ग्रुपमध्ये घ्यायचे ठरवले तर ते थेट जमत नाही. त्याला तुम्हाला खासगीत निमंत्रण पाठवावे लागते. ते स्वीकारायला तीन दिवस मिळतात आणि काहीच केले नाही तर ते संपते. ओळखीच्या माणसाचा नंबर तुम्ही फोनमध्ये साठवलेला नसेल तर त्याचेही निमंत्रण असेच येते. "ताई, तुम्हाला ग्रुपमध्ये घेता येत नाही" असे बचत गटाच्या अध्यक्षांनी म्हटले, तर सेटिंग मागे फिरवू नका. त्यांचा नंबर साठवा किंवा निमंत्रण स्वीकारा.

ग्रुपचा खरा प्रश्न फक्त कटकटीचा नाही. ग्रुपमध्ये गेलात की तेथील प्रत्येकाला तुमचा नंबर दिसतो. शेअर बाजारातून दुप्पट पैसे, घरबसल्या काम, अशी आमिषे दाखवणारे लोक असेच नंबर गोळा करतात. ग्रुपमध्ये पंचवीस जण "मला पैसे मिळाले" म्हणून स्क्रीनशॉट टाकत असतात. ते सगळे एकाच टोळीचे असू शकतात. अशा ग्रुपमधून बाहेर पडताना आधी Report करा, मग Exit. बाहेर पडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते, त्यामुळे संकोच नको. मात्र तोवर ज्यांनी नंबर टिपून घेतला, त्यांच्याकडे तो राहतोच. म्हणून हे सेटिंग पहिल्या आठवड्यात करण्याला अर्थ आहे.

४. फोटो आणि शेवटची वेळ : "माझे संपर्क" म्हणजे नेमके कोण?

Settings > Privacy मध्ये Profile photo, Last seen and online, About आणि Status अशा ओळी दिसतात. यातल्या फोटोकडे आधी पाहा. तो Everyone ला दिसत असेल तर तुमचा नंबर असलेला कोणीही तो घेऊ शकतो. मग तोच फोटो एका भलत्याच नंबरवर लावून तुमच्या भावाला संदेश जातो : "दादा, हा माझा नवीन नंबर. दवाखान्यात आहे, दहा हजार पाठव." येथे खाते चोरावे लागत नाही. चेहरा पुरतो. फोटोसाठी My contacts निवडा. मावशींनी नातवाला कडेवर घेतलेला फोटो लावला होता. त्यांनी तो बदलून एकटीचा लावला.

येथे एक गैरसमज नेहमी होतो. My contacts म्हणजे ज्यांचे नंबर तुम्ही आपल्या फोनमध्ये साठवले आहेत ते. ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे ते नव्हेत. तुम्ही गॅस एजन्सी, रिक्षावाला, प्लंबर आणि दोन वर्षांपूर्वीचा घरमालक यांचे नंबर साठवले असतील, तर त्या सगळ्यांना तुमचा फोटो दिसतो. अशा वेळी My contacts except… निवडून त्यांना वगळता येते. पण संपर्कांची यादीच एकदा साफ करणे अधिक सोपे. ती यादी ग्रुपच्या सेटिंगलाही लागू होते, म्हणजे एका कामात दोन कामे होतात.

शेवटची वेळ लपवण्याला एक किंमत आहे. तुम्ही ती कोणाला दिसू दिली नाही, तर तुम्हालाही त्यांची दिसत नाही. निळ्या टिकांचेही तसेच, म्हणजे Read receipts बंद केले तर दुसऱ्याने तुमचा संदेश वाचला की नाही हे तुम्हाला कळत नाही. ग्रुपमध्ये मात्र ते सुरूच राहतात. दूर राहणाऱ्या मुलीने "पोहोचले" हा संदेश वाचला का, हे मावशींना पाहायचे असते. म्हणून त्यांनी निळ्या टिका सुरू ठेवल्या आणि शेवटची वेळ फक्त संपर्कांना ठेवली. येथे सर्वांना एकच उत्तर लागू नाही.

५. बॅकअप : कुलूप दाराला, चावी खिडकीत

फोन हरवला तर संदेश परत मिळावेत म्हणून व्हॉट्सअ‍ॅप आपली एक प्रत तुमच्या गुगल खात्यात ठेवते. संदेश वाटेत कोणाला वाचता येत नाहीत हे वर सांगितले. पण ही साठवलेली प्रत त्या संरक्षणात आपोआप येत नाही. ते वेगळे सुरू करावे लागते. २०२१ पासून ही सोय आहे.

Settings > Chats > Chat backup उघडा, End-to-end encrypted backup वर जा आणि सुरू करा. त्यासाठी पासवर्ड ठरवावा लागतो, किंवा अ‍ॅप चौसष्ट अंकी चावी देते. नव्या आवृत्तीत फोनच्या अंगठ्याच्या ठशावर चालणारा पर्यायही मिळतो.

हे पाचवे सेटिंग आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण ते घाईने करायचे नाही. फोन हरवला आणि पासवर्डही आठवत नसेल, तर ती प्रत कोणीच उघडून देऊ शकत नाही, खुद्द व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा नाही. पासवर्ड वहीत लिहून, कपाटात जपून ठेवण्याची तयारी असेल तरच सुरू करा. मावशींनी तो लगेच सुरू केला नाही. "आधी गुगलच्या खात्याचा पासवर्ड कोणाला माहीत आहे ते बघू," असे त्या म्हणाल्या, आणि ते बरोबर होते. ते खाते दुकानदाराने बनवले होते आणि पासवर्ड फक्त त्याला ठाऊक होता. तो बदलणे हे बॅकअपच्या आधीचे काम होते.

सातव्या दिवशी पुन्हा एकदा

आठवडा संपताना दोनच जागा परत पाहा. Linked devices ची यादी ओळखीची आहे का आणि पिन अजून आठवतो का. यादी तर महिन्यातून एकदा आणि दुकानात, कार्यालयात फोन दुसऱ्याच्या हातात दिल्यावर प्रत्येक वेळी पाहावी.

एवढे करूनही खाते गेलेच, तर पहिले काम म्हणजे आपल्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा सुरू करून, नंबर भरून, नवा आलेला कोड टाकणे. कोड टाकताच समोरचा बाहेर फेकला जातो, त्याने स्वतःचा पिन ठेवला असला तरी. दुसरे काम म्हणजे साधा फोन लावून घरच्यांना आणि ग्रुपच्या अ‍ॅडमिनना सांगणे, की माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका. कोणी पैसे पाठवलेच असतील तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा, किंवा cybercrime.gov.in वर. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येतात ते लवकर कळवले तरच.

मावशींचा फोन तपासायला आम्हाला पाऊण तास लागला. त्यातला अर्धा वेळ पिन कुठे लिहून ठेवावा या चर्चेत गेला. शेवटी तो त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला, फोनच्या कव्हरमध्ये नाही.